फुटकी फरशी दुरुस्त करू नये

"काका, ही यादी आहे की पंचनामा?"

एजंटने चारही पानं उलटून पाहिली आणि पाचवं आहे का म्हणून मागे बघितलं. घरं भाड्याने लावून देणं आणि त्यांचे करार तयार करणं हा त्याचा धंदा. असे शेकडो करार त्याने केले होते. भाडेकराराला सामानाची यादी जोडा, खाली दोघांनी सह्या करा, हे त्याला नवीन नव्हतं. पण यादी म्हणजे पंखे तीन, दिवे सहा, पलंग एक, कपाट एक. फार तर शेवटी 'सर्व सुस्थितीत'. इथे तर एकेका नळाची जन्मपत्रिका मांडलेली.

"हे बघा. 'स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिसरी फरशी, कोपरा उडालेला, सुपारीएवढा.' 'न्हाणीघराच्या दाराची कडी घट्ट, ओढताना बोट सांभाळावे.' 'जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठा घातलेला आहे, पुठ्ठा मालकाचा.' काका, पुठ्ठा मालकाचा?"

"मग कोणाचा? मीच घातलाय," काका म्हणाले.

या काकांना कारखान्यात 'नापासराव' म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. प्रेसमधून पत्र्याचे सुटे भाग बाहेर पडायचे, ते उचलायचे, मोजायचे, उजेडात धरायचे आणि चिठ्ठी लावायची. पास भागाच्या चिठ्ठीवर नुसती सही. नापास भागाच्या चिठ्ठीवर मात्र का नापास, कुठे, किती, हे सगळं लिहायचं. साहजिकच आयुष्यभरात त्यांनी जे काही लिहिलं ते दोषांबद्दलच लिहिलं. गुणांबद्दल लिहायची वेळच आली नाही. बायको म्हणायची, "आमच्या लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा यांनी परत जाऊन काय चिठ्ठी लिहिली असेल, देव जाणे."  नुसती सही केली होती, एवढं काकांना पुरेसं वाटायचं.

निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आपल्याच इमारतीत, आपल्या घराच्या बरोबर खाली, तळमजल्याचं घर घेतलं. सामानसुमान लावलं, भाड्याने द्यायचं ठरवलं आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. घर चांगलं, भाडं रास्त, समोर सरळ रस्ता, रस्त्याच्या टोकाला मोठं रुग्णालय. लोक यायचे, हरखायचे, टोकन द्यायला खिशात हात घालायचे. मग काका यादी पुढे करायचे.

पहिलं एक नवं जोडपं आलं. बायकोने दीड पान वाचलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अरे, या घरात धड काय आहे?" गेले. दुसरे एक अधिकारी आले. त्यांनी यादी वाचलीच नाही, नुसती 'प्रत्येक पानावर भाडेकरूची सही' ही ओळ बघितली आणि लालेलाल झाले. "आम्ही काय तुमचे नळ पळवणार? आमच्या घरात चार पिढ्या..." त्या चार पिढ्या त्यांनी फाटकाकडे जाता जाता सांगितल्या. घर चार महिने रिकामं राहिलं.

काकांची बायको बोलायला कमी करणारी नव्हती. "तुम्ही घर भाड्याने देताय की घराची बदनामी करताय? लोक मुलगी दाखवताना तिचा चष्मा काढून ठेवतात, आणि तुम्ही तिच्या दाढा मोजून दाखवताय!"

"नंतर भांडण नको म्हणून लिहिलंय."

"नंतर? अहो, आधी कोणी येऊ तर द्या! ऐका. हा पुढचा भाडेकरू शेवटचा. त्याने यादीला नाक मुरडलं, तर ही चार पानं मी माझ्या हाताने फाडणार आणि एजंटची दोन ओळींची यादी लावणार. कबूल?"

काकांनी मान हलवली.  यादीचं हे खूळ त्यांना कारखान्यात लागलेलं नव्हतं, हे बायकोलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती चार महिने गप्प बसली होती, नाहीतर पहिल्याच आठवड्यात फाडली असती.

गोष्ट त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडाची. नवीन नोकरी, नवीन लग्न, एका गणिताच्या निवृत्त बाईंच्या मागच्या दोन खोल्या. किल्ली देण्याआधी बाईंनी चौकटीच्या वहीचं पान पुढे केलं. 'बेसिनला तडा, आधीपासून. भिंतीवर घड्याळ नाही, खिळा आहे. खिडकीची एक काच टिचलेली, आधीपासून.' आणि म्हणाल्या, "सही कर. मीही करते. कराराच्या कागदाला टाचून ठेवू." काका तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. त्यांना वाटलं, म्हातारी आपल्याला चोर समजते. रागारागाने सही केली, इतकी दाबून की पान फाटलं.

सहा वर्षांनी बाई वारल्या. पुतण्या आला. बेसिन यांनी फोडलं, काच यांनी फोडली, आणि भिंतीवरचं घड्याळ कुठे आहे? खिळा आहे, म्हणजे घड्याळ असणारच! शेजारी दारात उभे राहून ऐकत होते. काकांची बायको तेव्हा दिवस भरत आलेली, खुर्चीचा आधार धरून उभी. काकांनी ट्रंकेतून ते फाटकं पान काढलं. बाईंची ठळक सही, तारीख, आणि 'घड्याळ नाही, खिळा आहे.' पुतण्याने दोनदा वाचलं. मग तो खाली बसला आणि पाणी मागितलं.

बाई गेल्यावरही बाईंनी त्यांची बाजू घेतली होती. ज्या कागदाचा त्यांना अपमान वाटला, तो त्यांच्याच अब्रूसाठी लिहिलेला होता, आणि हे सांगायला बाईंपर्यंत पोचण्याचा आता रस्ता नव्हता. आभार मानायचे राहून गेले की ते माणसाच्या अंगात मुरतात. काकांच्या अंगात ते यादी होऊन मुरले. ते फाटकं पान अजून त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. आपण कधी घरमालक झालो, तर आपल्या भाडेकरूच्या हातातही असं पान असेल, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. मात्र हे भाडेकरूला समजावून सांगायचं असतं, हे त्यांच्या गावी नव्हतं. नुसती चार पानं पुढे सरकवायची आणि म्हणायचं, "वाचा. सही लागेल." असं म्हटल्यावर कोण थांबेल?

शेवटचा भाडेकरू आला तो असा. एजंटचा फोन आला: एक बाई आहेत, एकट्या राहणार, रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर, कायमची नोकरी, सोबत भाऊ येईल. पुढचं एजंटने सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही, हे त्याने नंतर कबूल केलं. आधी सांगितलेल्या कित्येक घरांनी फोनवरच नाही म्हटलं होतं.

सकाळी दहाला फाटक वाजलं. पुढे चाळिशीची एक बाई, हातात पांढरी काठी, मागे भाऊ, त्याच्या मागे एजंट, नजर जमिनीकडे.

काकांनी काठी बघितली. बायकोनेही बघितली आणि काकांच्या कानाशी कुजबुजली. काकांना नीट ऐकू आलं नाही, कारण प्रेसच्या शेजारी अडतीस वर्षं काढलेले ते कान. तिने पुन्हा, जरा जोरात, "अहो, गॅस! एकटी राहणार, गॅस कसा सांभाळेल?"

"सोळा वर्षं सांभाळतेय, काकू," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "कान चांगले आहेत माझे. दुकान त्यांच्यावरच चालतं."

काकू ओशाळल्या. भाऊ कोरड्या आवाजात म्हणाला, "माझी बदली झालीय. महिनाअखेर आम्ही निघतोय. ताई आमच्याबरोबर यायला तयार नाही, तिची नोकरी इथे आहे. तिथे जाऊन ती काय करेल?"

"भाच्यांचे मोजे शोधीन," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "आत्ताही ड्यूटी सोडून बाकी वेळ तेच करते. काका, मला रुग्णालयापासून सरळ रस्ता हवा होता. तुमच्या फाटकापासून तिथल्या फाटकापर्यंत एकही वळण नाही, मी आज चालून आले. तुम्ही नाही म्हणालात तर तेही सरळ सांगा. 'मुलाला विचारून कळवतो' नको. अशा पाच मुलांच्या निरोपाची मी अजून वाट बघतेय."

 खरं सांगायचं तर काका घाबरले होते. हे घर त्यांनी दोष शोधत शोधत तपासलेलं. कुठे काय लागेल, कुठे काय निसटेल, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि त्या सगळ्यातून ही बाई न बघता फिरणार? नाही म्हणणंच शहाणपणाचं, असं त्यांच्या मनात आलं. आलं ते आलं, लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "यादी आहे म्हणे तुमची? एजंट येताना सांगत होते. म्हातारा वेडा आहे, भाडेकरूंना चार पानं वाचायला लावतो."

"मी 'वेडा' नाही म्हणालो," एजंट म्हणाला.

"तुम्ही 'चक्रम' म्हणालात. मी सौम्य करून सांगितलं. काका, वाचा."

कोणी स्वतःहून यादी वाचायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ. काकांनी घसा साफ केला. चष्मा पुसला. आणि कुलूप काढून आत शिरताच पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"'एक. पुढचे दार, डावीकडे कडी...'"

"थांबा. डावीकडे म्हणजे कोणाच्या डावीकडे?"

"म्हणजे?"

"आत येताना की बाहेर जाताना?"

काका दाराकडे बघत राहिले. मग पानाकडे. मग पुन्हा दाराकडे. अडतीस वर्षं कारखान्यात सुट्या भागाच्या नकाशाला एकच तोंड असायचं, त्यामुळे डावं म्हणजे डावं. यादी करताना ते कधी खिडकीकडे पाठ करून उभे होते, कधी दाराकडे. चार पानांत सव्वीस वेळा डावं-उजवं होतं, आणि त्यातलं कुठलं कुठून, हे त्यांनाच सांगता येईना.

"नापास," ते स्वतःशीच म्हणाले. मोठ्याने.

"काय?"

"यादी नापास. सगळी परत लिहावी लागेल." आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर खुशी होती. चार महिन्यांत या यादीत चूक काढण्याइतकं कोणी ती वाचलीच नव्हती!

मग जे सुरू झालं ते दोन तास चाललं. काका वाचत होते, ऑपरेटर बाई हात लावून बघत होत्या, एजंट पेन घेऊन मागे. डावं-उजवं सगळं 'पुढच्या दारातून आत येताना' या हिशोबाने बदललं. पलंगाचा कोपरा भिंतीपासून किती, हे त्यांनी पावलांनी विचारलं, काकांनी टेपने मोजलं, दोन्ही लिहिलं. मोरीवरचं फडताळ कपाळाच्या उंचीला पुढे आलेलं होतं. काकांनी लिहिलं होतं, 'फडताळाची कड थोडी खरखरीत.'

"खरखरीत असू दे, पण ती माझ्या कपाळावर येते, हे कुठे लिहिलंय?"

"तुमची उंची मला कुठे माहीत होती?"

"आता माहीत झाली ना? लिहा."

"ते मी कापूनच टाकतो."

"मग 'कापून देणार' असं लिहा, तारीख घाला. नुसतं बोलणं मी ऐकते खूप, दिवसभर तोच धंदा आहे."

भाऊ गालात हसला. काकू हसल्या. काकांनी तारीख घातली.

शौचालयाच्या दारात त्या एकदम थबकल्या. "फ्लशच्या टाकीत पाणी सतत गळतंय."

"छे," काका म्हणाले. "मी स्वतः तपासलीय. 'टाकी, पांढरी, चालू, गळती नाही.' लिहिलंय."

"गळती बाहेर नाही. आतल्या आत वाहतंय. बारीक आवाज येतोय, सुस्स असा."

काकांनी टाकीचं झाकण उचलून आत कान घातला. त्यांना काही ऐकू येईना. काकूंनी कान लावला आणि हात कमरेवर ठेवले. "हाच! दोन महिने मी सांगतेय, खाली कुठेतरी पाणी वाहतंय. तर म्हणे तुला भास होतो!"

काकांनी टाकीतल्या पाण्यावर बोट टेकवलं. पाणी खरंच हलत होतं. ते झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. आपल्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी मान्य केलं नव्हतं. बायको पुटपुटते, पोरं तोंडात बोलतात, टीव्हीचा आवाज नीट नाही, असं चाललेलं. आता चार माणसांदेखत टाकी साक्षीला उभी राहिली.

"काका," ऑपरेटर बाई हलकेच, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाल्या, "तुम्ही डोळ्यांनी तपासलंत. राहिलेलं मी तपासते. दोघांची मिळून यादी धड होईल."

शेवटी स्वयंपाकघर. काकूंचा जीव तिथेच अडकलेला. ऑपरेटर बाईंनी शेगडीवरून हात फिरवला, बटणं मोजली, एक फिरवून परत बंद केलं. मग हात मागे नेला, भिंत आणि शेगडीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथून रबरी नळी सिलिंडरकडे जाते. नळी बोटांत धरून त्या हळूहळू सरकवत गेल्या. अर्ध्यावर बोटं थांबली. एक वीतभर त्या पुढे गेल्या, परत मागे आल्या.

"काकू, इथे हात लावा."

काकूंनी लावला. नळीच्या भिंतीकडच्या बाजूला रबर वाळून बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, नखाला लागतील अशा. पुढून नळी नवी कोरी दिसत होती.

"गॅस अजून सुटत नाहीये, वास नाही," त्या म्हणाल्या. "पण ही आजच बदला. मी येवो, दुसरं कोणी येवो."

काकूंनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. मग त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या. 'गॅस कसा सांभाळेल' हे शब्द दोन तासांपूर्वी त्यांच्याच तोंडून निघाले होते. काकांनी यादीचं तिसरं पान काढलं. तिथे त्यांच्या सुबक अक्षरात होतं: 'शेगडीची नळी, उत्तम स्थितीत.' अख्ख्या यादीत 'उत्तम' हा शब्द त्यांनी एकदाच वापरला होता, आणि तो तिथे.

"चहा घेऊन येते वरून," काकू उठत म्हणाल्या. दारातून मागे वळल्या. "आणि अहो, ती पानं फाडू नका हं. मीही नाही फाडणार."

एवढ्यावर ठरलं. मुलाला विचारून कळवायची वेळ आलीच नाही.

नळी त्याच दिवशी बदलली, प्लंबर दुसऱ्या दिवशी आला, आणि तीन दिवसांनी एजंटच्या कार्यालयात करार आणि नवी यादी घेऊन सगळे बसले. यादी आता साडेपाच पानांची झाली होती. एजंटने करारात कलम घातलं: सोबत जोडलेली यादी, परिशिष्ट अ, या कराराचा भाग समजण्यात यावी. पान एक ते सहा, प्रत्येकावर दोघांच्या सह्या.

"आणखी एक कलम लिहा," ऑपरेटर बाई म्हणाल्या. "यादीतली कुठलीही वस्तू मालकाने भाडेकरूला आधी सांगितल्याशिवाय जागची हलवू नये."

एजंटने पेन खाली ठेवलं. "ताई, हे कलम नेहमी उलटं असतं. भाडेकरूने हलवू नये, असं."

"तेही लिहा. दोन्ही लिहा. मी सुट्टीवरून आले आणि कोणी प्रेमाने टेबल खिडकीशी सरकवून ठेवलं असलं, तर माझे दात तिथेच राहतील."

"लिहा," काका म्हणाले. "बरोबर आहे ते."

मग एजंटने साडेपाच पानं मोठ्याने वाचून दाखवली, एकही ओळ न गाळता. हे तो कोणासाठी करत नसे. पण ज्याला वाचता येत नाही त्याची सही घ्यायची, तर कागद पूर्ण वाचून दाखवायचा आणि तसं खाली लिहायचं, एवढा तो धंद्याला पक्का होता. ऑपरेटर बाई मांडीवर पाटी ठेवून जाड कागदावर टोच्याने टकटक करत होत्या. ब्रेलमधली स्वतःची प्रत. दोन ठिकाणी त्यांनी एजंटला थांबवून मागची ओळ परत वाचायला लावली.

पान चार आलं. "'स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिसरी फरशी, कोपरा उडालेला, सुपारीएवढा.'"

"ती मी या रविवारी बदलतोय," काका घाईने म्हणाले. "गवंड्याला सांगितलंय. पाय अडकायला नको."

"नका बदलू."

"अहो, पण..."

"काका, त्या दिवशी मी चप्पल काढून फिरले तेव्हा तीच फरशी लागली पायाला. बैठक संपली, स्वयंपाकघर सुरू झालं, हे अंगठ्याला लगेच कळतं. एवढा चांगला पत्ता या घरात दुसरा नाही. तो खोडू नका."

काकांनी आयुष्यात हजारो भाग नापास केले, पण एखादा दोष 'असू दे' असं लेखी कधी दिलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं. त्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भाडेकरूच्या विनंतीवरून दुरुस्त करू नये.' हाताने वाढवलेल्या मजकुरापुढे दोघांची छोटी सही लागते, ती त्यांनी केली. ऑपरेटर बाईंच्या पुढे भावाने पट्टी धरली, आणि पट्टीच्या कडेने त्यांनी आपलं नाव लिहिलं. नवव्या वर्षी दृष्टी जाण्याआधी शाळेत शिकलेली अक्षरं, मोठी, गोल, तशीच राहिलेली. शेवटच्या पानावर एजंटने लिहिलं, 'वरील यादी भाडेकरूस वाचून दाखवली, ती समजून घेऊन त्यांनी सही केली', आणि भाऊ व काकू साक्षीदार म्हणून सह्या करून मोकळे झाले.

ऑपरेटर बाईंनी पानं चाचपून नीट जुळवली. "चौदा घरं बघितली," त्या म्हणाल्या. "कोणी म्हणालं सगळं छान आहे, काही काळजी करू नका. काळजी नको म्हटलं की मला जास्त काळजी वाटते. कुठे काय मोडकं आहे ते सांगणारं हे पहिलंच घर. फार उपकार झाले, काका."

काकांना यावर बोलायचं होतं. बाई, चौकटीची वही, खिळा, घड्याळ, सगळंच. पण तोंडून एवढंच निघालं: "माझे नाहीत. एका गणिताच्या बाईंचे आहेत. कधीतरी सांगेन."

"वरच राहताय ना? मग सांगालच," त्या म्हणाल्या.

सांगितलं, आणि एकदा नाही, बऱ्याचदा. काकू म्हणतात, आता ती गोष्ट ऑपरेटर बाईंना काकांपेक्षा चांगली सांगता येते.

याला सहा वर्षं झाली. करार संपत आला की दरवेळी एजंट म्हणतो, "जुनीच यादी लावू ना?" आणि दरवेळी दोघंही त्याला झाडतात. मग एक सकाळ ठरते. काका चष्मा आणि टेप घेऊन खाली येतात, ऑपरेटर बाई ब्रेलची पानं काढतात, आणि घर पहिल्या ओळीपासून तपासलं जातं. काका बघतात, त्या ऐकतात आणि चाचपतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी काकांना रुग्णालयात कानांच्या डॉक्टरकडे नेलं, वेळ स्वतःच्या फोनवरून ठरवून. कानयंत्र बसल्यावर काकांनी घरी येऊन आधी फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. गळत नव्हती. पुरती दहा मिनिटं ते तिथेच उभे राहून न गळणारी टाकी ऐकत होते, असं काकू सांगतात. त्या वर्षी काकू म्हणाल्या, "यांनाही यादीत टाका." ऑपरेटर बाईंनी लगेच सांगितलं, "घ्या. घरमालक, एक. जुने. यंत्र बसवल्यापासून चालू स्थितीत." एजंट लिहायला निघाला होता, काकांनी पेन काढून घेतलं.

गेल्या महिन्यात वरच्या घराच्या कामाला गवंडी आला होता. खालचंही बघून घ्या म्हणून काकूंनी त्याला पाठवलं. ऑपरेटर बाई ड्यूटीवर. गवंड्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फुटकी फरशी बघितली, छिन्नी लावली आणि हातोडा उचलला. काका जिन्यावरून उतरत होते, सत्तरीचे गुडघे घेऊन, पण त्यांनी छिन्नीचा पहिला खट्ट ऐकला. कानयंत्रातून ऐकला.

"हात लावू नका तिला!"

गवंडी दचकला. "अहो, फुटलीय ती. फुकट बसवून देतो, तुकडा उरलाय वरचा."

काका धापा टाकत भिंतीला टेकले. मग खिशातून घडी घातलेलं पान काढून त्याच्या पुढे धरलं. यादीचं चौथं पान ते हल्ली जवळच ठेवतात, इतर कोणावर विश्वास नाही म्हणून.

गवंड्याने वाचलं. पानाकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. "दोघांच्या सह्या आहेत?"

"दोघांच्या."

गवंड्याने छिन्नी पिशवीत टाकली. काकांनी वाकून फरशीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. नवीन टवका उडालेला नव्हता. सुपारीएवढाच होता, होता तसाच.